शेवटचा शब्द खोड

एका तालुक्याच्या गावी वसुमती नावाची बाई राहत होती. लोकांच्या मनातल्या शुभेच्छा कागदावर उतरवून देणे हा तिचा उद्योग होता. गावातल्या छापखान्यात समोरच्या खिडकीपाशी तिचे टेबल असे. लग्नपत्रिकेतल्या चार ओळी, बारशाच्या निमंत्रणातले यमक, सत्काराचे मानपत्र आणि वर्षश्राद्धाचे दोन शब्द, सारे काही तिच्या हातून जात असे. भाद्रपद सरत आला की दिवाळीच्या शुभेच्छांची मागणी सुरू होई. दुकानदार येत, पतपेढीचे लोक येत, दवाखानेवाले येत. सतरा वर्षे ती दिव्यांवर आणि फराळावर लिहीत आली होती. स्वतःच्या घरी मात्र तिने किती वर्षांत पणती लावली नव्हती, हे तिला सांगता आले नसते. आई गेली, भाऊ परगावी स्थायिक झाला आणि सणाच्या दिवशी झोपून राहावे असे तिला वाटू लागले. कोणी विचारले तर ती म्हणे, "वर्षभर दुसऱ्यांची दिवाळी लिहिते. आपली करायला अंगात राहत नाही."

त्या वर्षी नवरात्राच्या आधी मिठाईवाले रंगनाथशेठ छापखान्यात आले. दिवाळीत आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी फराळाचा एकेक डबा पाठवायचा आणि डब्यावर चार ओळींची चिठ्ठी लावायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. त्या ओळी अर्थातच वसुमतीच्या असत.

शेठ खुर्चीत बसले. नेहमीसारखे बोलायला त्यांनी सुरुवात केली नाही. खिशातून त्यांनी एक छोटीशी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मागल्या वर्षीचीच होती ती.

"ताई, तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. वर्षभर सांगवलं नाही," ते म्हणाले. "मागल्या दिवाळीत इंदिराबाई ओतारी दुकानात आल्या होत्या. त्यांचे यजमान त्याच भाद्रपदात गेले, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्या मागच्याच गल्लीत राहतात."

"मला वाटलं, डबा परत करायला आल्या. त्या म्हणाल्या, 'शेठ, लाडू ठेवून घेतलेत. यंदा आमच्याकडे तळण नाही. शेजारीपाजारी आणून देतात तेच. ही चिठ्ठी तेवढी परत घ्या. घरात ठेववत नाही.' एवढंच बोलल्या आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला."

वसुमतीने चिठ्ठी हातात घेतली. तिचीच ओळ होती: 'लक्ष दिव्यांनी घर तुमचे आनंदाने उजळो.' लिहिताना तिला पाच मिनिटेही लागली नव्हती.

"यंदाही अशी तीन-चार घरं आहेत," शेठ म्हणाले. "त्यांना डबा नाही पाठवला तर वगळल्यासारखं होतं. पाठवला तर हे असं. घरागणिक वेगळी चिठ्ठी मला जमायची नाही. एकच द्या, सगळ्यांना चालेल अशी. दिवा असू दे, लाडू असू दे, सण तर आहेच. पण कोणाला ती परत आणून द्यावीशी वाटू नये. कोजागिरीपर्यंत छापायला हवी."

तीन दिवस वसुमतीने लिहिले आणि खोडले. चौथ्या दिवशी कागद घेऊन ती त्र्यंबक गुरुजींकडे गेली. शाळेत असताना त्यांनीच तिला अक्षरे मोजायला आणि यमक जुळवायला शिकवले होते. आता ते ऐंशीच्या पुढे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते दिवसभर ओसरीवर आरामखुर्चीत पडून असत. वाचता येत नाही याचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. कोणी वाचून दाखवले तर मात्र ते खुर्चीत ताठ बसत.

वसुमतीने झालेली गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "गुरुजी, हे शेवटचं. एवढं झालं की लिहिणं सोडणार आहे. आता त्यात काही उरलं नाही."

"सोडायचं तर सोड," गुरुजी म्हणाले. "पण लिहून आणलंस ना? वाच."

ती वाचू लागली. "दीप सुखाचा तुमच्या अंगणी..."

"...सदैव तेवत राहो," गुरुजींनी ओळ पुरी केली.

ती थबकली. खरोखर तिने तेच लिहिले होते. तिने दुसरी ओळ घेतली. "लाडवाची गोडी, चकलीची खुसखुस..."

"...आयुष्यात तुमच्या येवो. पुढे?"

"प्रकाशाच्या या मंगल पर्वात..."

"...भरभराट लाभो."

बारा ओळींपैकी दहा गुरुजींनी तिच्या आधी पुऱ्या केल्या. ते हसत नव्हते. रोजची औषधे घ्यावीत तशा कंटाळलेल्या आवाजात ते शब्द सांगत होते. "मला दिसत नाही, वसू. तरी ही ओळ कुठे वळणार ते मला दिसतं. ऐकणाऱ्याला जी ओळ आधीच पाठ असते, ती तो ऐकत नाही. कानावरून जाऊ देतो."

"उरलेल्या दोन ऐका. त्या कोणी पुऱ्या करू शकणार नाही," ती जराशा हट्टाने म्हणाली. "अवसेच्या काळ्या पाटीवर पणती उजेडाची बाराखडी गिरवो. आणि दुसरी, करंजीच्या चंद्रकोरीतून चांदण्याचे सारण झरो."

गुरुजींनी दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

"हे नवं आहे," ते म्हणाले. "हुशारीचं आहे. आता मला सांग, त्या इंदिराबाईंच्या समोर बसून तुला हे वाचता येईल?"

चांदण्याचे सारण! कपाळावर हात टेकून बसलेल्या बाईसमोर आपण हे मोठ्याने म्हणतो आहोत, असे वसुमतीने मनात आणून पाहिले. तिचे कान तापले. "नाही येणार," ती म्हणाली.

"पहिल्या दहा ओळी सगळ्यांनी वापरून झिजलेल्या. या दोन तू स्वतःला दाखवायला लिहिल्यास. ज्याला शुभेच्छा द्यायच्या, तो माणूस बाराच्या बारांत कुठे नाही." मग ते म्हणाले, "पेन्सिल आहे? प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द खोड. बाकी कशाला हात लावू नकोस."

"शेवटचाच का? खोडायची तर सगळी ओळ खोडते."

"मी सांगतो तेवढं कर."

तिने खोडायला घेतले. राहो. येवो. लाभो. नांदो. बहरो. उजळो. मिळो. गिरवो. झरो. बाराही शब्द गेले. ओळी अर्ध्यावर तुटून लोंबकळू लागल्या. गुरुजींना झाले आहे तरी काय, असा प्रश्न तिच्या मनात आला. तीन दिवसांचे काम होते. ते असे पांगळे करून त्यांनी काय साधले?

"काय काय खोडलंस, ते ओळीने वाच," गुरुजी म्हणाले.

तिने वाचले. राहो, येवो, लाभो, नांदो. वाचता वाचता तिचा आवाज मंद झाला. सगळ्या शब्दांचा शेवट एकच होता.

गुरुजी खुर्चीत पुढे सरकून बसले. "ऐकलंस? बारा ओळी, आणि बाराही वेळा काहीतरी व्हायचं आहे ते दुसऱ्याच्या घरात. त्याच्या अंगणात दिवा तेवायचा, त्याच्या घरात आनंद नांदायचा. आपण काय करायचं? काही नाही. आपण आपल्या जागी बसून फर्मान सोडायचं. ज्याचं बरं चाललंय त्याला ते टोचत नाही, तो वाचतही नाही. पण ज्या घरात माणूस गेलंय, तिथे 'आनंदाने उजळो' ही शुभेच्छा राहत नाही, वसू. ती आज्ञा होते. त्या बाईला ती पाळता आली नाही, म्हणून तिने कागद परत केला. लाडू मात्र ठेवून घेतले, कारण लाडू कोणीतरी वळला होता. दिवा आणि फराळ हे शब्द जुने झालेले नाहीत. त्यांच्या मागे लावलेला हा 'ओ' थकलाय, आणि त्याच्या बरोबर तूही थकलीस. सतरा वर्षं नुसतं दुसऱ्यांना उजळायला सांगत राहिलं तर कोण थकणार नाही?"

एवढे बोलून त्यांना धाप लागली. वसुमतीने त्यांना पाणी दिले. ते पिऊन झाल्यावर गुरुजींनी फक्त दोन प्रश्न तिच्या हाती दिले. दारात ठेवलेल्या पणतीचा उजेड जास्त कुणाकडे जातो, आणि त्या डब्यातला कोणता पदार्थ वाट पाहू शकतो?

दुसऱ्या दिवशी ती रंगनाथशेठच्या भट्टीवर गेली. दिवाळीच्या फराळाला अजून अवकाश होता, पण दुकानातल्या रोजच्या लाडवांचे काम चालू होते. मोठ्या कढईत तुपावर बेसन भाजले जात होते, आणि शेठ स्वतः उलथने फिरवत होते.

"वाट पाहणारा पदार्थ?" शेठना प्रश्नाची गंमत वाटली. "चकली हवा लागली की मऊ पडते. चिरोटा डब्यात हलला की चुरा. ओल्या नारळाचं काही असेल तर दोन दिवस. लाडू मात्र राहतो. पण तो सांभाळून करावा लागतो, ताई. आच मंद हवी. वास बदलेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग उतरवून पुरतं निवू द्यायचं, तेव्हाच साखर. गरम असताना घातली की लाडू बसतो. काही जण दाणेदार व्हावं म्हणून दुधाचा हबका मारतात. आम्ही मारत नाही. दूध लागलं की टिकाऊपणा गेला. हा लाडू पंधरा-वीस दिवस सहज राहील. कोणी लगेच नाही खाल्ला तरी बिघडत नाही."

शेवटचे वाक्य वसुमतीने मनात धरून ठेवले. परत येताना संध्याकाळ झाली होती. कुंभारगल्लीत एका घराच्या पायरीवर कोणी दिवा लावला होता. ती मुद्दाम थांबली. उंबऱ्याच्या आत थोडासाच उजेड होता. बाकीचा सगळा रस्त्यावर पडला होता, समोरच्या बंद दारापर्यंत.

घरी येऊन तिने अष्टाक्षरी धरली, कारण आठ अक्षरांची ओळ साध्या बोलण्याच्या जवळ राहते आणि छोट्या चिठ्ठीवर मावते. 'दारात लावली पणती' असे लिहून तिने बोटांवर मोजले. नऊ भरली. मग 'आमच्या दारी पणती' असे केले, तेव्हा आठ आली. त्यात 'आमच्या' हा शब्दही आला, आणि तो हवाच होता. दुसरी ओळ, 'उजेड तिकडे यावा', सहज आली. तिसरीला ती अडली. 'गोड लाडू डब्यामध्ये' यात अक्षरे बरोबर होती, पण ओळ मेलेली होती. 'वाटेल तेव्हा खावा' ही चौथी ओळ सातच अक्षरांची होती आणि वाचताना पाय मुरगळल्यासारखी होत होती.

ती पुन्हा गुरुजींकडे गेली.

"गोड नसलेला लाडू पाहिलायस कधी?" तिसरी ओळ ऐकून गुरुजी म्हणाले.

"नाही."

"मग ती दोन अक्षरं कशाला अडवून ठेवलीस? 'डब्यामध्ये' हेही फुगवलेलं. 'डब्यात' पुरे. जागा मोकळी कर आणि बघ तिथे काय यायचं आहे."

तिने दोन्ही काढले. लाडू डब्यात... तीन अक्षरांची जागा उरली. शेठचे वाक्य तिच्या ओठांवर आले. "लाडू डब्यात राहू दे," ती म्हणाली आणि तिने ते लगेच लिहून घेतले.

"चौथी?"

"वाटेल तेव्हा खावा. एक अक्षर कमी पडतंय."

"'खावा' नको. पंगतीत आग्रह केल्यासारखं वाटतं."

"घ्यावा?"

"घ्यावा. अक्षर अजून कमीच आहे."

वसुमतीने ओळ तीन-चार वेळा पुटपुटली. "वाटेल तेव्हाच घ्यावा," ती हळूच म्हणाली. "'तेव्हाच'. त्या 'च'ने अक्षरही भरलं, आणि नाही वाटलं तर नका घेऊ, असंही झालं."

"सगळं एकदा वाच."

तिने वाचले:

आमच्या दारी पणती,
उजेड तिकडे यावा;
लाडू डब्यात राहू दे,
वाटेल तेव्हाच घ्यावा.

या खेपेला गुरुजींनी कोणतीही ओळ तिच्या आधी पुरी केली नाही. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"'यावा' मध्ये इच्छा उरलीच की," वसुमतीने शंका काढली.

"उरू दे. इच्छा वाईट नाही. आधी आपल्या दारात दिवा लावलास, मग इच्छा केलीस. क्रम बरोबर आहे." मग त्यांनी विचारले, "शेठच्या नावाने जाणार ना ही? त्याला सांग, दुकानाच्या दारात पणती लाव. विजेची माळ नको, पणती. नाहीतर पहिलीच ओळ खोटी पडेल." आणि थोडे थांबून, आवाज न बदलता ते म्हणाले, "लिहिणारीच्या दारातही असावी म्हणतो मी. पण ते तुझं तू बघ."

तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

चिठ्ठ्या कोजागिरीच्या आधी छापून झाल्या. दिवाळीच्या तोंडावर डबे घरोघरी गेले. चिठ्ठी कोणी परत आणून दिली नाही आणि तिचे कौतुकही कोणी केले नाही. दोन दुकानदारांनी मात्र ती पाहून नाक मुरडले. यात दिवाळीचा थाट नाही, आम्हाला नेहमीचीच द्या, असे म्हणाले. वसुमतीने त्यांना नेहमीची दिली. तिचा थकवा गेला नव्हता. लिहिणे सोडायचे की नाही हेही तिने ठरवले नव्हते.

नरकचतुर्दशीच्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली आणि एकच पणती घेऊन आली. कोरी पणती तेल पिते, म्हणून तिने ती तासभर पाण्यात बुडवून ठेवली, पुसून वाळवली, कापूस वळून वात केली. दिवेलागणीला तिने ती उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवली. वाऱ्याने ज्योत दोनदा विझली. तिसऱ्यांदा तिने दाराचे एक कवाड लोटून आडोसा केला. ज्योत धरली. ती तिथेच पायरीवर बसली, कारण उठून आत जाण्याचाही तिला कंटाळा आला होता.

थोड्या वेळाने मागच्या गल्लीतून इंदिराबाई आल्या. हातात दुधाची पिशवी होती. उजेडाच्या कडेला आल्यावर त्यांची चाल मंदावली.

"तुमच्या दारात दिवा पाहिला नव्हता कधी," त्या म्हणाल्या.

"नव्हताच. यंदा लावला. बसता का जरा?"

इंदिराबाई पिशवी सांभाळत पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दोघींच्या मध्ये पणती होती.

"वर्ष सरलं आमचं," इंदिराबाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात, आता लावायला हरकत नाही. हरकत नाही हे मलाही ठाऊक आहे. हात होत नाही."

'होईल सगळं नीट' असे वसुमतीच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले. मग म्हणाली, "मागल्या वर्षीची चिठ्ठी मीच लिहिली होती."

"माहीत आहे. गावात दुसरं कोण लिहितं?"

"यंदाचीही मीच."

"तेही माहीत आहे." इंदिराबाई ज्योतीकडे पाहत राहिल्या. "ती ठेवलीय मी. डब्याच्या झाकणावरच आहे. काढली नाही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिच्या चाकांवर क्षणभर उजेड फिरला.

"लाडू अजून खाल्ले नाहीत मी," इंदिराबाई ओशाळून म्हणाल्या.

"राहू देत," वसुमती म्हणाली.

सतरा वर्षांत तिच्या तोंडून निघालेली ही सर्वांत छोटी शुभेच्छा होती आणि तिला यमक नव्हते. इंदिराबाईंनी मान हलवली. त्या उठल्या नाहीत. वात जराशी काजळली होती. वसुमतीने ती काडीने पुढे सारली आणि दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

सणासुदीला आपण सारेच शब्द पाठवतो. पाठवण्यापूर्वी एकदा बघावे, की त्यातले जे काही व्हायचे आहे ते सगळे समोरच्याच्याच घरात व्हायचे आहे का, की थोडेसे आपल्याही दारात.